‘अनियमित’ म्हणजे नेमकं किती?

आमच्या रहिवासी संघाच्या पहिल्या पत्राला महापालिकेच्या कार्यालयातून एका वाक्याचं उत्तर आलं होतं. ‘सदर भागात घंटागाडी नियमित जात असून तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.’ खाली सही, शिक्का आणि तारीख. बैठकीत ते वाचून दाखवलं तेव्हा पाचव्या गल्लीतल्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आम्ही खोटं बोलतो का?”

काकू खोटं बोलत नव्हत्या. पण कार्यालयही खोटं बोलत नव्हतं. हे आम्हाला कळायला दोन महिने लागले. एका साध्या तक्रारपत्राचं काय होतं, ते कुठे अडतं आणि कसं लिहिलं तर पुढे सरकतं, हे त्या दोन महिन्यांत शिकायला मिळालं. शहराचं आणि कार्यालयाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. आमची गोष्ट राज्यातल्या कुठल्याही मध्यम महापालिकेत घडू शकते.

आमची वसाहत सहा गल्ल्यांची. बैठी घरं, थोडे बंगले, चार-पाच तीन मजली इमारती, मिळून १६८ घरं. रविवार सोडून रोज घंटागाडी येणं अपेक्षित. २०२३ च्या उन्हाळ्यापासून ती ‘येईनाशी’ झाली. एरवी असं काही झालं की नगरसेवकाला फोन जातो आणि संध्याकाळपर्यंत गाडी हजर होते. पण २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत संपून तिथे प्रशासक बसले होते. फोन करायला नगरसेवकच उरला नव्हता. राहिला कागद.

पहिलं पत्र आम्ही रागात लिहिलं. ‘गेल्या कित्येक दिवसांपासून कचरा उचलला जात नाही, दुर्गंधी पसरली आहे, डासांचा त्रास वाढला आहे, कर्मचारी कामचुकार आहेत, ठेकेदाराशी संगनमत असण्याची शक्यता आहे, तसेच तिसऱ्या गल्लीतले दिवे बंद आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ यातला एकही शब्द कुणाला पडताळून पाहता येण्यासारखा नव्हता. ‘कित्येक दिवस’ म्हणजे किती? ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे कोणती? शिवाय दिव्यांची तक्रार विद्युत विभागाची. त्या एका ओळीमुळे पत्राची एक प्रत तिकडे गेली आणि आठवडाभर तिथेच पडून राहिली.

कार्यालयाला काय दिसतं

कार्यालयात आलेलं पत्र आधी आवक टेबलावर पडतं. तिथे त्याला क्रमांक मिळतो. मग ते सहायक आयुक्तांसमोर जातं. ते कोपऱ्यात संबंधिताचं पद लिहून सही करतात आणि पत्र स्वच्छता निरीक्षकाकडे येतं. निरीक्षक ते मुकादमाला दाखवतो. मुकादम म्हणजे झाडणारे कामगार आणि गाड्या रोज प्रत्यक्ष हलवणारा माणूस. तो सकाळी आरोग्य कोठीवर, म्हणजे कामगारांची हजेरी लागते त्या खोलीत, भेटतो. तुमचं पत्र खरं वाचणारा शेवटचा माणूस हाच. त्यानं “गाडी जाते साहेब” म्हटलं की वरचा शेरा तयार होतो आणि तोच तुमच्या हातात पडतो.

मुकादम असं म्हणतो ते त्याच्या नोंदवहीच्या भरवशावर. त्या वहीत असतं काय? गाडी किती वाजता बाहेर पडली, तिनं किती फेऱ्या केल्या आणि वजनकाट्यावर किती माल उतरवला. आता गाड्यांवर जीपीएसही असतं. ते गाडीची जागा सांगतं, पण कोणत्या घरापुढे बादली उचलली गेली हे सांगत नाही. आमच्या दोन गल्ल्या बोळासारख्या आहेत. गाडी मुख्य रस्त्यावरून गेली तरी पडद्यावर ती आमच्या भागातच दिसते.

त्यातच बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. जितकं वजन काट्यावर उतरेल, तितकं बिल. ही पद्धत वरवर चोख वाटते, कारण वजन लपवता येत नाही. पण त्यात एक खोट आहे. सहाशे किलो कचरा चारशे दारांतून गोळा केला काय आणि दीडशे दारं अन् कोपऱ्यावरच्या दोन ढिगांतून उचलला काय, बिल तेवढंच होतं. गल्लीच्या टोकाच्या ४६ घरांसाठी गाडी वळवून मागे घेण्यात वेळ जातो आणि डिझेलही जळतं, पण बिल मात्र वाढत नाही. म्हणून वहीत सगळं पूर्ण दिसतं आणि पाचव्या गल्लीत बादल्या भरलेल्याच राहतात.

थोडक्यात, कार्यालय गाडी मोजतं आणि रहिवासी दार मोजतो. आमचं पत्र या दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत पडलं होतं.

वही

काकूंनी मग शाळेची शंभर पानी वही आणली. नियम एकच ठरला: रोज लिहायचं, आणि पाहिलं तेवढंच लिहायचं. चार रकाने आखले. तारीख, गाडी गल्लीत शिरली ती वेळ, गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि किती घरांचा कचरा उचलला. प्रत्येक गल्लीत सकाळी घरी असणारा एक माणूस नेमला. दुसऱ्या गल्लीत निवृत्त शिक्षक, चौथ्यात शिवणकाम करणाऱ्या ताई, सहाव्यात किराणा दुकानदार.

‘गाडी आली’ म्हणजे काय, यावर पहिल्याच दिवशी वाद झाला. शिक्षकांच्या मते घंटा ऐकू आली म्हणजे गाडी आली. काकूंच्या मते बादली रिकामी झाली तरच आली. काकूंचं मान्य झालं. पुढे हाच मुद्दा सगळ्यात उपयोगी ठरला.

सोमवार, ३ जुलै ते रविवार, ३० जुलै असे अठ्ठावीस दिवस नोंद झाली. चार रविवार वगळले तर कामाचे दिवस चोवीस. सगळ्या वह्या एकत्र मांडल्यावर आम्ही चकित झालो. पहिल्या चार गल्ल्यांत गाडी चोवीसपैकी तेवीस दिवस आली होती. पाचव्या आणि सहाव्या गल्लीत मात्र चौदाच दिवस. म्हणजे ‘वसाहतीत गाडी येत नाही’ हे आमचं म्हणणंच चुकीचं होतं. चार गल्ल्यांत ती येत होती आणि दोन गल्ल्यांत दहा दिवस आली नव्हती.

ते दहा दिवस कोणते हे पाहिल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. त्यात चारही सोमवार होते आणि चारपैकी तीन मंगळवार. उरलेल्या तीन दिवसांपैकी २० जुलैला गाडी बंद पडल्यानं कुठल्याच गल्लीत आली नव्हती, २९ जुलैला मोहरमची सुट्टी होती आणि १४ जुलैचं कारण कळलं नाही. कामचुकार माणूस वार बघून कामचुकारपणा करत नाही. दर सोमवारी त्याच दोन गल्ल्या राहत असतील, तर दोष माणसाच्या स्वभावात नसून गाडीच्या फेरीत कुठेतरी असणार.

म्हणून दुसऱ्या पत्रात कारण लिहायचं नाही असं ठरलं. कारण लिहिलं की निरीक्षक तेवढंच खोडून काढतो आणि तक्रार संपते. नोंद मात्र त्याला खोडता येत नाही. ती पडताळण्यासाठी त्याला गल्लीतच यावं लागतं.

पत्र

दुसरं पत्र असं होतं. नावं, पत्ता आणि क्रमांक काढून ते इथे देतो.

‘दिनांक : १ ऑगस्ट २०२३

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
प्रभाग कार्यालय

विषय : वसाहतीतील गल्ली क्र. ५ व ६ येथे घरोघरीचे कचरा संकलन सोमवारी व मंगळवारी होत नसल्याबाबत.

संदर्भ : आमचे दि. १२ जून २०२३ चे पत्र व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

१. आमच्या संघाने ३ ते ३० जुलै २०२३ या काळात सहाही गल्ल्यांतील कचरा संकलनाची रोज नोंद ठेवली. गाडी मुख्य रस्त्यावरून गेली म्हणजे संकलन झाले, असे यात धरलेले नाही. घरापुढील बादली रिकामी झाली असेल तरच संकलन झाले असे धरले आहे.

२. रविवार वगळून २४ दिवसांपैकी गल्ली क्र. १ ते ४ मध्ये २३ दिवस संकलन झाले. याबद्दल आमची तक्रार नाही. गल्ली क्र. ५ व ६ मधील ४६ घरांचे संकलन १४ दिवस झाले आणि पुढील १० दिवस झाले नाही : ३, ४, १०, ११, १४, १७, २०, २४, २५ व २९ जुलै. यापैकी चार सोमवार व तीन मंगळवार आहेत. नोंदवहीच्या पानांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत.

३. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधील नियम १५ नुसार प्रत्येक घरातून वर्गीकृत कचरा गोळा करण्याची व्यवस्था करणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. नियम ४ नुसार कचरा वेगळा करून देणे हे आमचे कर्तव्य आहे. आमच्या पाहणीत दोन्ही गल्ल्यांतील ४६ पैकी ३१ घरे ओला व सुका कचरा वेगळा देतात. उर्वरित १५ घरांबाबत संघ प्रयत्न करीत आहे.

४. आमची विनंती अशी :
(अ) स्वच्छता निरीक्षक व संघाचे प्रतिनिधी यांची एकत्र पाहणी एखाद्या सोमवारी सकाळी ठेवावी.
(आ) या मार्गावरील गाडीच्या ठरलेल्या फेऱ्या, वेळा व थांबे यांचा तक्ता संघास द्यावा.
(इ) गाडी बंद पडल्यास पर्यायी गाडीसाठी कोणाशी संपर्क साधावा ते कळवावे.

५. पाहणीची तारीख १५ ऑगस्टपूर्वी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष / सचिव

सोबत : नोंदवहीच्या छायाप्रती (९ पाने), गल्ल्यांचा हाताने काढलेला नकाशा, ४६ घरांच्या सह्या.

प्रत : मा. उपायुक्त, घनकचरा व्यवस्थापन विभाग, यांना माहितीसाठी.’

पत्र दोन पानांपेक्षा मोठं होऊ दिलं नाही. विषयाच्या ओळीतच गल्ली आणि वार लिहिले, कारण आवक वहीत विषयाचीच ओळ उतरते आणि पुढे फाइल तिच्यावरूनच शोधली जाते. दिव्यांसाठी वेगळं पत्र दिलं. ज्या गल्ल्यांत संकलन नीट होतं ते स्पष्ट सांगितलं. मुकादमानं पत्र वाचलं तेव्हा ‘यांनी निदान बरोबर चालतं तेही लिहिलंय’ असं त्याला वाटलं, असं त्यानंच पुढे सांगितलं.

नियमांच्या उल्लेखावरून आमच्यात बरीच चर्चा झाली होती. एका सभासदांना पत्रात राज्यघटनेपासून सगळं हवं होतं. कचरा उचलणं ही महापालिकेची मेहेरबानी नव्हे हे खरंच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे आणि कचरा हटवणं त्यात येतं. घरोघरी जाऊन कचरा घेण्याची सक्ती देशभर नियमांत आली ती न्यायालयीन लढ्यानंतर. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० चे नियम आले आणि त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. पण निरीक्षकाला हे सगळं ठाऊक असतं. लांबलचक कलमं वाचली की त्याला धमकीचा वास येतो आणि मग तोही कलमांतच उत्तर देतो. म्हणून एकच नियम लिहिला आणि त्याच्या शेजारी आमच्यावरच्या कर्तव्याचा नियम लिहिला. नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे पत्र लिहिण्याआधी त्या वेळी कोणते लागू आहेत ते पाहून घ्यावं. जुन्या नियमाचा आकडा लिहिला की सगळं पत्रच जुनं वाटतं.

कार्यालयाचं नाव आणि पद शहरागणिक बदलतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं. मुंबईत विभाग कार्यालय, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती, नाशकात विभागीय कार्यालय. कर भरल्याच्या पावतीवर तुमच्या कार्यालयाचं नाव सापडतं. पत्र देताना दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. आवक टेबलावरची मुलगी “नंतर या, शिक्का वरच्या मजल्यावर आहे” म्हणाली, तर नंतर जायचं, पण शिक्क्याशिवाय परतायचं नाही. पुढे सगळं त्या क्रमांकावर चालतं.

सोमवारची पाहणी

पाहणी १४ ऑगस्टला झाली. निरीक्षक सकाळी सातला पहिल्या गल्लीत आले. मुकादम सोबत होते. गाडी म्हणजे छोटा टिपर, मागे दोन भागांचा उघडा डबा. चालक आणि एक मदतनीस. आम्ही तिघं गाडीच्या मागे चालत होतो.

पाच मिनिटांतच मदतनीस काय करतो ते दिसायला लागलं. ओला-सुका वेगळा देणाऱ्या घरापुढे त्याला दहा सेकंद लागत. दोन बादल्या, दोन भाग, झालं. जिथे एकच गाठ मारलेली पिशवी येई, तिथे तो ती फोडायचा, बाटल्या आणि पुठ्ठा बाजूला काढायचा आणि वापरलेला डायपर सापडला तर काही न बोलता तोंड वळवून तो वेगळ्या पोत्यात टाकायचा. अशा घराला चाळीस सेकंदांच्या वर लागत. दाराआड उभ्या असलेल्या आमच्याच सभासदाला हे पाहून पिशवी आत न्यावीशी वाटली.

पण गाडी अडली ती दुसऱ्याच ठिकाणी. आमच्या वसाहतीआधी ती मुख्य रस्त्यावरून येते. तिथे त्या वर्षी मार्चमध्ये ९६ सदनिकांची नवी इमारत राहती झाली होती. गाडी तिच्या फाटकापाशी थांबली आणि रखवालदारानं एकामागून एक मोठे ड्रम बाहेर आणले. तिथून निघाली तेव्हाच गाडीचा डबा अर्ध्याहून जास्त भरला होता. तिसऱ्या गल्लीत मदतनीस वर चढून पायानं कचरा दाबत होता. चौथ्या गल्लीच्या टोकाला चालकानं गाडी थांबवली आणि म्हणाला, “साहेब, आता बसत नाही. खाली करून येतो.”

निरीक्षक म्हणाले, “मग दुसऱ्या फेरीत पाच-सहा घे.”

चालकानं आमच्याकडे पाहिलं. “सोमवारी दुसरी फेरी शाळेमागच्या वस्तीतच भरते साहेब. आणि काट्यावर रांग.”

शहराचा कचरा आधी हस्तांतरण केंद्रावर जातो. तिथे छोट्या गाड्या वजनकाट्यावरून जाऊन मोठ्या वाहनात रिकाम्या होतात. रविवारी संकलन बंद, त्यामुळे सोमवारी सगळ्या गाड्या दुप्पट माल घेऊन एकाच वेळी तिथे पोचतात. चालकाची पाळी दीड वाजता संपते. रांगेत तास गेला की फेरी तिथेच संपते. मंगळवारी केंद्रावर आदल्या दिवसाचा माल उरलेला असतो, म्हणून रांग पुन्हा लांब.

त्याच दुपारी आरोग्य कोठीत निरीक्षक म्हणाले, “पण गाडीची क्षमता पुरते. मार्गावर ४१२ घरं आहेत, दोन फेऱ्या दिल्यात.” आम्ही विचारलं, ४१२ हा आकडा कधीचा? मुकादम हसले. मार्ग आखला तेव्हाचा. नवी इमारत त्यात नव्हती.

मग आम्ही एक आठवडा दहा घरांचा कचरा रोज ताणकाट्यावर तोलला. पिशवी अडकवायची, आकडा वाचायचा, लिहायचा. पावसाळ्यात ओला कचरा जड असतो, हे हाताला कळतं. सरासरी निघाली घरामागे दिवसाला १.४ किलो. पुढचा हिशेब कोठीतल्या टेबलावर एका कागदाच्या मागे झाला.

नवी इमारत धरून घरं झाली ५०८. दिवसाचा कचरा सुमारे ७११ किलो. गाडीत एका फेरीत बसतात ६५० च्या आसपास. म्हणजे एरवीच्या दिवशी एक भरलेली फेरी आणि थोडा उरलेला माल, तो दुसऱ्या फेरीत जातो. सोमवारी दोन दिवसांचा मिळून होतो १,४२२ किलो. दोन फेऱ्यांत जातात १,३००. उरतात १२२. आणि पाचव्या-सहाव्या गल्लीतल्या ४६ घरांचा दोन दिवसांचा कचरा किती? १२९ किलो.

निरीक्षकांनी तो कागद थोडा वेळ हातात धरला. जुन्या ४१२ घरांचा सोमवारचा कचरा होतो १,१५४ किलो आणि तो दोन फेऱ्यांत सहज बसतो. मार्ग आखणाऱ्यानं चूक केली नव्हती. मार्चनंतर कुणी तो पुन्हा मोजला नव्हता, एवढंच. आणि फेरीच्या शेवटी जे होते, ते आम्ही होतो.

पुढे काय झालं

नव्या इमारतीला दुसऱ्या मार्गावरच्या मोठ्या गाडीला जोडलं गेलं. ती गाडी तिथून जातच होती. ठेकेदाराच्या माणसानं आधी नाही म्हटलं, पण इमारतीचे ड्रम एका ठिकाणी एकदम मिळतात आणि तेवढंच वजन वाढतं हे लक्षात आल्यावर त्याची तक्रार राहिली नाही. टनाचा हिशेब इथे आमच्या बाजूनं वळला. दर सोमवारी आमची गाडी फेरी उलटी सुरू करेल, म्हणजे आधी सहावी गल्ली आणि मग उतरता क्रम, असंही ठरलं. फेरीत शेवटी कुणीतरी असणारच, पण दर सोमवारी तोच का असावा, एवढाच आमचा मुद्दा होता.

फेऱ्यांचा तक्ता मात्र मिळाला नाही. दोन स्मरणपत्रं दिली. प्रत्येकात मूळ आवक क्रमांक लिहिला. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. त्यासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आपल्या राज्यात असा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे तिथे व्यथा मांडायची नसते, कागद मागायचे असतात. आम्ही तीन मागितले: या मार्गाचा मंजूर तक्ता, जुलैमधल्या वजनकाट्याच्या पावत्या आणि त्या महिन्यात ठेकेदाराला झालेल्या दंडाचा तपशील. तक्ता आणि पावत्या मिळाल्या. दंडाच्या रकान्यात शून्य होतं. कसा होईल? काट्यावर वजन पूर्ण उतरलं होतं.

पत्रानं सगळं सुटत नाही हेही दिसलं. गाडी बंद पडली तर पर्यायी गाडी आजही संध्याकाळीच येते, कारण कोठीकडे राखीव गाडी एकच आहे आणि मार्ग नऊ. हस्तांतरण केंद्रावरची रांग ही शहरभराची अडचण, ती एका वसाहतीच्या पत्रानं हलत नाही. आणि पत्रात ज्यांची कबुली दिली होती त्या पंधरा घरांपैकी सहा घरं अजूनही एकच पिशवी देतात. त्यात संघाच्या एका माजी अध्यक्षांचंही घर आहे.

गणपतीनंतर आम्ही पुन्हा चार आठवडे नोंद केली. पाचव्या आणि सहाव्या गल्लीत चोवीसपैकी एकवीस दिवस बादली रिकामी झाली. राहिलेल्या तीन दिवसांत सोमवार एकच होता.

नोंद थांबवायची असं बैठकीत ठरलं. काकूंनी ती थांबवली नाही. परवा सकाळी मुकादम त्यांच्या फाटकापाशी उभे होते. ठेकेदारानं कुठल्याशा आठवड्यात सगळ्या फेऱ्या झाल्याचं लिहून दिलं होतं आणि मुकादमांना ते पटत नव्हतं. ते काकूंना म्हणाले, “काकू, जरा तुमची वही बघू. मंगळवारी गाडी किती वाजता आली होती?”